अँटीक, विंटेज, हेअरलूम की नुसतं जुनं कपाट? जाहिरातीत काय लिहू?

प्राजक्ता_डिचोली

नमस्कार. आमचं डिचोलीचं जुनं घर दुरुस्तीला काढतोय. माजघरातलं शिसवी कपाट आणि चहाचा एक जपानी सेट आता ठेवायला जागा नाही, म्हणून विकायचं ठरवलंय. कपाट सहा फुटी, दोन दारांचं, खाली दोन खण. मी जाहिरात लिहिली ती अशी: "अँटीक इंडो-पोर्तुगीज हेअरलूम शिसवी कपाट, दीडशे वर्षांचं, उत्तम स्थितीत."

पहिलाच फोन पणजीहून आला. त्या बाईंनी शांतपणे विचारलं, "दीडशे वर्षं हे तुम्हाला कुणी सांगितलं?" आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. आई म्हणते कपाट आजीच्या लग्नात आलं. आत्या म्हणते छे, ते पणजोबांनी घरीच सुतार बसवून करून घेतलं. दीडशे हा आकडा माझा मीच घातला होता, कारण इतर जाहिरातींत तसे आकडे असतात. त्यांना "मला माहीत नाही" म्हणाले आणि जाहिरात काढून टाकली.

आता परत लिहायची आहे. आजीच्या कपाटाबद्दल खोटं लिहायची इच्छा नाही, आणि कवडीमोलाने घालवायचीही नाही. यातला कुठला शब्द मी लिहू शकते?

माडाचं_पाणी

ताई, सोपं आहे. शंभर वर्षांच्या वरचं ते अँटीक, वीसच्या वरचं विंटेज, त्याखालचं सेकंडहँड. परदेशातल्या विक्रीच्या साइट्स हाच हिशेब धरतात. तुमचं कपाट पोर्तुगीज काळातलं असेल तर अँटीकच झालं, त्यात विचारायचं काय? आमच्या म्हापशात तर पन्नास वर्षांच्या खुर्चीलाही अँटीक म्हणूनच भाव सांगतात.

रंधा_आणि_लाख

मी मडगावला तीसेक वर्षं जुनं लाकूडकाम दुरुस्त करतो, पॉलिश करतो. वरच्या मित्राचे आकडे बरोबर आहेत. वीस आणि शंभर हे दोन्ही बाजारात चालतात. पण "पोर्तुगीज काळातलं म्हणजे अँटीक" इथे ते घसरले, आणि गोव्यात जास्तीत जास्त जाहिराती नेमक्या इथेच घसरतात.

पोर्तुगीज इथे १९ डिसेंबर १९६१ पर्यंत होते. १९६० साली मडगावच्या सुताराने केलेलं कपाटही पोर्तुगीज काळातलंच, पण ते शंभर वर्षांच्या जवळपासही नाही. "पोर्तुगीजकालीन" वाचलं की गिऱ्हाइकाच्या डोळ्यासमोर जुनं गोवें आणि चारशे वर्षं उभी राहतात. शब्द खरा असतो आणि समजूत खोटी होते. "१९६१ पूर्वीचं" म्हटलं की अशी समजूत होत नाही, म्हणून मी तेच लिहायला सांगतो. तेही पुरावा असेल तर.

"इंडो-पोर्तुगीज" चंही तेच. तो घडणीचा प्रकार आहे. त्या घडणीचं कपाट आजही कुणी करून देईल, मीही देईन. तेव्हा "इंडो-पोर्तुगीज घडणीचं" लिहा, त्या शब्दाने वय सुचवू नका.

आता कपाटाबद्दल. प्राजक्ता, दर्शनी बाजूचा फोटो नको. खालचा खण पूर्ण बाहेर काढ आणि त्याच्या कोपऱ्यांचे सांधे बघ. कपाट भिंतीपासून ओढून पाठ बघ. बिजागऱ्यांचे स्क्रू बघ, आणि त्यांच्या आसपास बुजवलेली भोकं आहेत का ते बोट फिरवून बघ. दारांच्या फळीची कड चौकटीत जाते तिथे टॉर्च मार. खणाच्या तळाला कागद डकवलेला असेल तर तो फाडू नकोस, त्यावर काय छापलंय ते वाच. घाई नाही, दोन दिवस लागले तरी चालेल.

बार्देशकर

काका, मध्येच विचारतो. आईचं सिंगरचं शिलाई मशीन विकायचंय. पायाचं आहे, नंबर इंग्रजी वाय अक्षराने सुरू होतो. किती किंमत येईल?

रंधा_आणि_लाख

किंमत मी नाही सांगू शकत, वय सांगतो. वाय अक्षराचे नंबर स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकच्या कारखान्याचे, साधारण १९२१ ते १९३५ मधले. पण नंबर कारखान्याला गठ्ठ्याने दिले जायचे. त्यामुळे त्यावरून गठ्ठा कधी दिला ते कळतं, तुमचं मशीन नेमकं कोणत्या महिन्यात बाहेर पडलं ते नाही. "क्लाइडबँकचं, नंबरावरून १९२० किंवा ३० च्या दशकातलं" असं लिहा आणि नंबराचा फोटो लावा. खालचा बिडाचा सांगाडा आणि वरचं मशीन एकाच वेळचं आहे का तेही बघा. कितीतरी घरांत सांगाडा जुना आणि मशीन मागाहून बदललेलं असतं. तसं असेल तर दोन्ही वेगवेगळं सांगा.

गुरुजी_पेडणे

मी मराठी शिकवत होतो, आता निवृत्त आहे. मला या शब्दांबद्दल बोलावंसं वाटतं.

हेअरलूमला आपण लगेच "वडिलोपार्जित" म्हणतो. तो शब्द सातबारावरचा, कोर्टातला. तो मालकी सांगतो, वय सांगत नाही. वडिलांनी पाच वर्षांपूर्वी घेतलेला फ्रिजही त्या अर्थाने माझ्याकडे वडिलोपार्जितच येईल. "पिढीजात" आपण धंद्याला, वैराला, कलेला लावतो. वस्तूला तो नीट बसत नाही. "पुरातन" म्हटलं की देऊळ आठवतं. आणि "प्राचीन" तर कपाटाला लावूच नये.

यापेक्षा महत्त्वाची एक गोष्ट. घराण्यातली वस्तू घराण्यातच असेपर्यंत घराण्यातली. प्राजक्ताने ते कपाट विकलं की घेणाऱ्याच्या घरी ते हेअरलूम राहत नाही, तिकडे ते नवं येतं. मग जाहिरातीत हेअरलूम म्हणून आपण त्याला नेमकं काय विकतो? आपल्या आजीची आठवण तर विकत नाही. मला वाटतं, "आमच्या घरात तीन पिढ्या वापरलेलं" असं लिहावं. हे वाक्य तू शपथेवर सांगू शकतेस. त्यातला "वापरलेलं" हा शब्दही ठेव. लोक तो गाळून टाकतात, "सेकंडहँड" हलकं वाटतं म्हणून. पण वापर झाला आहे, हीच त्या कपाटाची खरी हकिकत.

मृण्मयी_पुणे

मी घेणाऱ्यांच्या बाजूने बोलते. लग्नानंतर फोंड्याहून पुण्यात आले. गेल्या दिवाळीत एका दुकानातून "अँटीक पितळी समई" घेतली, दुकानाचं नाव घेत नाही. घरी आणून घासायला बसले तेव्हा लक्षात आलं. समईचे भाग जिथे एकमेकांत फिरवून बसतात ते आटे एकदम धारदार होते, बोटाला टोचत होते. माझ्या माहेरच्या समईचे आटे इतके झिजलेत की सरळ बसवायला दोनदा फिरवावं लागतं. आणि हिरवट काळेपणा सगळीकडे सारखा, वरच्या मोराच्या चोचीवरही आणि खालच्या खाचेतही. रोज हात लागतो तिथे पितळ चकाकतं आणि खाचांत मळ बसतो, सारखं काळं कधीच होत नाही. समई नवीन होती, काहीतरी लावून जुनी केलेली.

मला नव्या समईचं वाईट वाटलं नाही, ती चांगली जड आहे. मी ती जुनी समजून देवासमोर लावली, त्याचं वाटलं. प्राजक्ता, तू "माहीत नाही" म्हणालीस ना त्या पणजीच्या बाईंना, मी असते तर तुझ्याकडूनच घेतलं असतं.

प्राजक्ता_डिचोली

गुरुजी, मृण्मयीताई, मनापासून आभार. काका, तुम्ही सांगितलं तसं बघितलं. भावाला बरोबर घेऊन काल संध्याकाळी कपाट ओढलं.

खण: कोपऱ्याचे सांधे पंख्यासारखे, एकात एक अडकवलेले. दाते सगळे सारख्या रुंदीचे नाहीत, आणि त्यांच्या मुळाशी एक बारीक कोरलेली रेघ आहे. खणाच्या मागच्या बाजूला पेन्सिलने "२" लिहिलंय, मराठी आकडा.

पाठ: प्लायवूड. तीन थर स्पष्ट दिसतात. पण कपाटाच्या आतल्या बाजूला जी खाच आहे ती प्लायपेक्षा बरीच रुंद आहे, प्लाय त्यात पट्टी मारून बसवलंय.

बिजागऱ्या: पितळी, स्टार स्क्रू. एका दारावर बिजागरीच्या वर साधारण बोटभर लांबीची बुजवलेली जागा आहे, लाकडाचा रंग थोडा वेगळा.

दाराची फळी: उजव्या दाराच्या फळीच्या दोन्ही उभ्या कडांना पॉलिश न लागलेली फिकट पट्टी दिसते, तांदळाच्या दाण्याएवढी. डाव्या दाराला नाही.

आणि कागद! वरच्या खणाच्या तळाला पोर्तुगीज वर्तमानपत्र डकवलंय, "ओ हेराल्दो". कोपऱ्यात साल १९३८ वाचता येतं. म्हणजे शंभरच्या जवळ आलो ना?

माडाचं_पाणी

बघा! हाताचे सांधे म्हणजे यंत्रं यायच्या आधीचं. १९३८ चा कागद म्हणजे कपाट त्याहून जुनंच. लिहा बिनधास्त अँटीक.

रंधा_आणि_लाख

नाही रे बाबा. जरा थांब. प्राजक्ताने फार नीट बघितलंय, म्हणून एकेक गोष्ट शांतपणे वाचू या.

हाताचे सांधे. विलायतेतल्या फर्निचरला हा पुरावा चालतो, कारण तिथे एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाकडे कारखान्यांत हे सांधे यंत्राने कापू लागले. गोव्यात नाही. इथे माझ्या गुरूने १९८० मध्ये हेच सांधे पटाशीने कापलेत, आणि मुळाशी असलेली ती रेघ खतकसाची, म्हणजे माप आखायच्या हत्याराची आहे, ती मी आजही मारतो. म्हणजे हाताचा सांधा बघून सुताराने काम हाताने केलं एवढंच कळतं. कधी केलं ते कळत नाही. इंटरनेटवरची विलायती यादी घेऊन इथलं कपाट तपासायला गेलं की अशी गफलत होते. पेन्सिलचा "२" मात्र छान आहे. दुसरा खण कुठे बसतो त्याची ती खूण आहे, आणि सुतार इथला, मराठी आकडे लिहिणारा.

स्टार स्क्रू. हा स्क्रू अमेरिकेत १९३० च्या दशकात निघाला, आपल्याकडे त्याच्या बराच नंतर रुळला. म्हणून स्टार स्क्रू बघून "कपाट नवीन" म्हणायचा मोह होतो. पण तो स्क्रू आपल्यापुरतंच बोलतो. तुझ्या दारावर बुजवलेली बोटभर जागा आहे ना, तिथे आधीची बिजागरी होती, ती लांबट होती. म्हणजे बिजागऱ्या बदलल्यात. प्लायचंही तसंच. खाच रुंद आहे कारण तिथे आधी जाड फळ्यांची पाठ होती, बहुधा वाळवीने खाल्ली. भिंतीला चिकटून, ओल धरून, सगळ्यात आधी पाठच जाते. म्हणजे मूळ अंग जुनं, पाठ आणि बिजागऱ्या मागाहूनच्या. हे जाहिरातीत सांगायलाच हवं. ते न सांगता "ओरिजिनल" लिहिलं तर ती फसवणूक.

फिकट पट्टी. लाकूड वर्षानुवर्षं आडव्या अंगाने आक्रसतं. फळी चौकटीच्या खाचेत मोकळी बसवलेली असते, ती आक्रसली की पूर्वी लपलेली, पॉलिश न लागलेली कड बाहेर दिसते. ही चांगली खूण आहे, पण दोन गोष्टी लक्षात ठेव. एक, आपल्या पावसाळ्यात फळी फुगते आणि मे महिन्यात आक्रसते. अर्धवट सुकलेल्या लाकडाच्या नव्या कपाटालाही पहिल्याच उन्हाळ्यात अशी पट्टी येते. दोन, डाव्या दाराला ती नाही, याचा अर्थ डावं दार कधीतरी पुन्हा पॉलिश केलं असेल किंवा फळीच बदलली असेल. ते बघायला स्पिरिटची परीक्षा कर. कापसाचा बोळा मेणबत्तीच्या वातीएवढा, स्पिरिटात बुडवून, दाराच्या आतल्या कोपऱ्यात, कुणाला दिसणार नाही अशा ठिकाणी अर्धा मिनिट टेकव. तपकिरी चिकटपणा आला तर लाखेचं पॉलिश. काहीच आलं नाही तर मेलामाइनसारखं आजकालचं पॉलिश. दोन्ही दारांवर कर आणि सांग. आणि लाखेचं निघालं म्हणून जुनं समजू नको, मी लाखेचं पॉलिश गेल्या आठवड्यातही केलंय. इथे आपल्याला दोन दारांतला फरक हवा आहे, वय नाही.

आता कागद, कारण सगळ्यांचा जीव त्यातच अडकलाय. कागदावरून कपाटाचं जन्मसाल कळत नाही. १९३८ किंवा त्यानंतर कुणीतरी तो खणात डकवला, एवढंच कळतं. घरात लोक सहसा ताजीच रद्दी वापरतात, त्यामुळे कपाट त्या सुमारास होतं असं मी धरेन. पण पाच-सात वर्षं जुनी रद्दी कुणी वापरत नाही असं थोडंच आहे? आजीचं लग्न कोणत्या साली झालं?

प्राजक्ता_डिचोली

१९४३.

रंधा_आणि_लाख

मग बघ. आत्याचं खरं धरलं तर पणजोबांनी कपाट केलं आणि १९३८ ला खणात कागद घातला. आईचं खरं धरलं तर १९४३ ला नवं कपाट आलं आणि पाच वर्षं जुनी रद्दी घातली. दोन्ही बसतं. तू प्रामाणिकपणे "१९४० च्या आसपासचं किंवा त्याआधीचं" एवढं म्हणू शकतेस. शंभर असेल, नसेलही. शंभर सिद्ध होत नसताना अँटीक लिहायचं नाही. विंटेज लिही, आणि कागदाचा फोटो लाव. ज्याला जाण आहे तो त्या कागदाला जास्त पैसे देईल, अँटीक शब्दाला नाही.

वकीलबाई_फोंडा

अँटीक शब्दाला आणखी एक बाजू आहे, ती कुणी काढली नाही म्हणून लिहिते.

१९७२ चा पुरावशेष आणि कलानिधी कायदा आहे, १९७६ पासून लागू. त्यात शंभर वर्षांहून जुनी मूर्ती, चित्र, नाणं, कारागिरीची वस्तू "पुरावशेष" धरली जाते, आणि हस्तलिखितं, जुने दस्तऐवज पंचाहत्तर वर्षांपासूनच. अशा वस्तूंचा विक्रीचा धंदा करायला परवाना लागतो, काही प्रकारांची नोंदणी लागते, आणि खासगी माणसाला त्या देशाबाहेर पाठवता येत नाहीत. घरातलं एक कपाट एकदा विकणं हा धंदा नव्हे. पण जाहिरातीत "दीडशे वर्षांचं अँटीक, परदेशातही पाठवू" लिहिलं की तू स्वतःच आपल्या हाताने ते कलम अंगावर घेतलंस. वस्तू खरोखर तेवढी जुनी नसेल आणि बाहेर न्यायची असेल, तर पुरातत्त्व खात्याकडून ती पुरावशेष नसल्याचा दाखला घ्यावा लागतो. म्हणजे खोटं अँटीक लिहिणाऱ्यालाच पुढे ते अँटीक नाही हे सिद्ध करत फिरावं लागतं.

साधं घरगुती कपाट शंभरीचं असलं तरी कायद्याच्या अर्थाने पुरावशेष ठरतं का, यावर माझ्या ओळखीच्या दोन वकिलांचीही दोन मतं आहेत. मी ठामपणे सांगणार नाही.

हस्तिदंत मात्र वयाचा प्रश्नच नाही. कितीही जुना असो, घरातला असो, विकता येत नाही. जाहिरातीत टाकूही नका.

आणि प्राजक्ता, खरा प्रश्न तुझ्या "हेअरलूम" शब्दात आहे. कपाट आजीचं. आजी-आजोबांच्या मागे वारसांची इन्व्हेंटरी, म्हणजे मालमत्तेची यादी करून वाटणी, झाली का? आपल्याकडे गोव्यात ती जमिनीचीच करायची असते असं लोक समजतात, पण वस्तूही त्यातच येतात. झाली नसेल तर कपाट अजून सगळ्या वारसांचं मिळून आहे, आणि वारसांच्या नवरा-बायकोचाही त्यात हक्क लागू शकतो, कारण इथे वेगळा करार नसला तर लग्नानंतर मालमत्ता दोघांची एकत्र होते. आत्या फक्त वयाबद्दल बोलते आहे, की तिला विकणंच पटलेलं नाही? आधी ते विचार.

बार्देशकर

वकीलताई, म्हणजे आईचं मशीन विकायलाही भावाची सही घ्यायची?

वकीलबाई_फोंडा

आई हयात असेल आणि तीच विकत असेल तर भावाचा प्रश्न नाही. वडील असतील तर त्यांचाही हक्क आहे, दोघांना विचारा. आई नसेल तर भावाला नुसता एक मेसेज करा आणि त्याचं "हो" जपून ठेवा. मशीनपेक्षा महागात पडणारी भांडणं मी रोज बघते.

मृण्मयी_पुणे

चहाच्या सेटचं काय झालं? तो मला घ्यायची इच्छा आहे.

प्राजक्ता_डिचोली

ताई, पाच कपबशा, किटली, दुधाचं भांडं. सहावा कप माझ्या काकाने लहानपणी फोडला. सगळ्यांच्या तळाला "मेड इन जपान" छापलंय. निळी फुलं, सोनेरी कड, दोन कपांची सोनेरी कड कानापाशी पुसली गेलीय. किटलीच्या तोंडाला केसासारखी एक रेघ आहे, गळत नाही.

रंधा_आणि_लाख

चिनीमाती माझा विषय नाही, पण आमच्या मडगावच्या घरीही हेच आहे म्हणून सांगतो. "ऑक्युपाइड जपान" असं छापलेलं असतं तर ते महायुद्धानंतरच्या, १९५२ पर्यंतच्या काळातलं नक्की म्हणता आलं असतं. नुसतं "मेड इन जपान" त्याआधीही छापत आणि नंतरही. पण पन्नासच्या दशकात भारताने नाकेबंदी केली होती तेव्हा गोव्यात बाहेरचा माल भरपूर यायचा, आणि इथलं खनिज जपानला जायचं. त्या काळात घरोघरी जपानी कपबशा आल्या. कुणी आणला, कधी आणला ते आईला विचार. आठवण असेल तर "घरच्यांच्या आठवणीप्रमाणे" असं लिहून ती दे, छापाचा पुरावा म्हणून नको.

गुरुजी_पेडणे

"घरच्यांच्या आठवणीप्रमाणे" हे फार चांगलं सांगितलंत. आठवण आणि पुरावा एकाच वाक्यात घातले की आठवणच पुरावा होऊन बसते. दोन वेगळ्या वाक्यांत घाल.

प्राजक्ता_डिचोली

चार दिवसांनी येते आहे. स्पिरिटची परीक्षा केली. उजव्या दाराला बोळा तपकिरी झाला, बोटाला चिकटला. डाव्या दाराला काहीच नाही, बोळा पांढरा तो पांढराच. आईला विचारलं तर म्हणाली, हो, डाव्या दाराची फळी १९८५-८६ च्या पावसात फुगून फुटली होती, आजोबांनी नवी बसवून घेतली. इतकी वर्षं कुणी ते बोललंच नव्हतं.

जपानी सेटबद्दल आई म्हणते, आजोबांनी तो म्हापशाहून आणला आणि तेव्हा आत्या शाळेत जायला लागली होती, म्हणजे १९५५ च्या पुढे.

आत्याला फोन केला. ती रडली. विकायला तिची ना नाही, पण कागद डकवलेला वरचा खण तिला हवाय. मी म्हटलं खणच दिला तर कपाट अपुरं होतं. मग असं ठरवलं की कागदाचा मोठा फोटो छापून तिला द्यायचा, आणि खण कपाटातच ठेवायचा. लिस्बनच्या चुलतभावाचं अजून उत्तर नाही, ते आल्याशिवाय जाहिरात टाकणार नाही. मसुदा इथे ठेवते, बघा:

"शिसवी कपाट, दोन दारांचं, खाली दोन खण, उंची सहा फूट. इंडो-पोर्तुगीज घडणीचं, इथल्याच सुताराने हाताने केलेलं. डिचोलीच्या आमच्या घरात तीन पिढ्या वापरलेलं. वरच्या खणात १९३८ सालचं वर्तमानपत्र डकवलेलं आहे, त्यावरून १९४० च्या आसपासचं किंवा त्याआधीचं असावं. याहून नेमकं वय सांगता येत नाही. घरच्यांच्या आठवणी दोन आहेत: काहींच्या मते १९४३ च्या लग्नात आलं, काहींच्या मते त्याआधी घरीच केलं. मागाहून बदललेलं: पाठ (आता प्लायची), बिजागऱ्या, डाव्या दाराची फळी (१९८५-८६ च्या सुमारास). डाव्या दाराचं पॉलिश उजव्यापेक्षा वेगळं आहे, फोटोत दिसतं. उजव्या पायाला जुनी वाळवीची खूण आहे, आता वाळवी नाही."

रंधा_आणि_लाख

"आता वाळवी नाही" हे कशावरून?

प्राजक्ता_डिचोली

माती दिसत नाही, पोकळ आवाज येत नाही.

रंधा_आणि_लाख

मग तेच लिही. "वाजवून बघितलं तर पोकळ आवाज येत नाही, ताजी माती दिसत नाही." वाळवी आहे-नाही हे पावसाळा गेल्याशिवाय मीही छातीठोकपणे सांगत नाही. आणि शिसवी कशावरून? तळाच्या बाजूला, जिथे कधी पॉलिश लागलं नाही, तिथे पटाशीने नखाएवढं खरवड. आतूनही जांभळट तपकिरी आणि काळ्या रेघा निघाल्या तर शिसव. आत पिवळट निघालं तर फणस किंवा दुसरं काही, रंग वरून दिलेला. डाव्या दाराच्या नव्या फळीचंही बघ, त्या वेळी शिसव मिळणं सोपं नव्हतं.

माडाचं_पाणी

माझं एक मत अजून कायम आहे. बाजारात सगळे अँटीक लिहितात, तुम्ही विंटेजही नाही लिहिलंत, तर शोधणाऱ्याला ते सापडणारच कसं?

प्राजक्ता_डिचोली

हे खरंय, याचा विचार केला नव्हता. शीर्षकात "विंटेज" घालते, ते वीस वर्षांच्या हिशेबाने खरंच आहे. खाली सगळं सविस्तर राहील.

खरवडून बघितलं. कपाटाचं अंग आणि उजवं दार शिसव, आतून गडद. डावी फळी आतून पिवळी निघाली.

रंधा_आणि_लाख

फणस. चांगला फणस असणार, इतकी वर्षं टिकलाय. "डाव्या दाराची फळी फणसाची, शिसवी रंग दिलेली" असं लिही.